परदेशातला नातू बोलत नाही : दोष मराठीचा नव्हे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या पेठेतल्या एक काकू रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्यात आल्या. दाब नेहमीपेक्षा बराच वर होता. चौकशी केली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेते हो. पण तीन आठवड्यांपासून नातू फोनवर माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे, त्याला मराठी बोलू देत नाहीत."

काकूंचा मुलगा आणि सून अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतात. नातू तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. आईवडील दोघेही नोकरीला, त्यामुळे मूल दिवसभर पाळणाघरात असे. तिथल्या बाईंनी सांगितले की मूल फार कमी बोलते, घरी दोन भाषा असल्यामुळे त्याचा गोंधळ होतो, तेव्हा घरी फक्त इंग्रजी बोला. मुलाच्या भल्यासाठी म्हणून आईवडिलांनी मराठी बंद केली. काकूंना इंग्रजी येत नाही. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आजी आणि नातू नुसते एकमेकांकडे बघत बसू लागले.

आपल्या गावातही आता घरटी कोणी ना कोणी परदेशात आहे, आणि हाच प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी तरी विचारतो. म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन भाषा कानांवर पडल्यामुळे मूल मुके राहत नाही, आणि त्यामुळे वाचादोषही होत नाही. लहान मुलाचा मेंदू दोन भाषा सहज वेगळ्या ठेवतो. 'मला वॉटर पाहिजे' असे मूल म्हणते तेव्हा त्याचा गोंधळ झालेला नसतो. जो शब्द आधी आठवला तो त्याने वापरलेला असतो, आणि वाक्याची बांधणी मराठीच असते. मोठी माणसेही असेच बोलतात.

मग पाळणाघरातल्या बाई खोटे बोलत होत्या का? नाही. त्यांनी अर्धाच हिशेब पाहिला होता. मी काकूंच्या सुनेला फोन केला आणि एक काम सांगितले. एका वहीत दोन रकाने करा, एक मराठीचा व एक इंग्रजीचा. आठ दिवस मूल आपणहून जे शब्द बोलेल ते लिहा. उच्चार बोबडा असला तरी चालेल, पण तो शब्द प्रत्येक वेळी त्याच वस्तूसाठी यायला हवा. नुसती नक्कल मोजू नका. आणि हे आठ दिवस घरात पूर्वीसारखी मराठी बोला.

आठवड्याने हिशेब आला. मराठी शब्द ३४, इंग्रजी शब्द २७, एकूण ६१. त्यांतल्या नऊ वस्तूंना त्याच्याजवळ दोन्ही भाषांतली नावे होती, जसे 'दूध' आणि 'मिल्क'. तेही दोन शब्द म्हणूनच मोजायचे. शिवाय 'बाबा शू', 'मोअर दूध', 'आजी गेली' असे दोन-दोन शब्द तो जोडत होता. दोन वर्षे पूर्ण होताना मुलाजवळ निदान ५० शब्द असावेत आणि त्याने दोन शब्द जोडून बोलायला लागावे, असा साधारण ठोकताळा आहे. पाळणाघरात २७ शब्दच ऐकू येत होते, म्हणून मूल मागे वाटले. बेरीज केल्यावर ते मर्यादेच्या आत आले. फार पुढे नव्हते, पण आत होते. म्हणून कानांची तपासणी तेवढी करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा शब्द मोजा, असे सांगितले.

खरा वाचादोष कसा ओळखायचा, याची किल्ली इथेच आहे. दोष मुलाच्या भाषाशक्तीत असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एका भाषेत मूल छान बोलते आणि दुसरीत अडखळते, तर बहुतेक वेळा दुसरी भाषा त्याच्या कानांवर कमी पडलेली असते, एवढाच अर्थ.

काही गोष्टी उगाच दोष वाटतात. घरी दिवसभर आईच बोलत असेल तर मुलगाही 'मी जेवते', 'मी जाते' म्हणतो. बाबा आणि आजोबा बोलू लागले की ते सुधारते. 'ळ' आणि 'ण' हे वर्ण इंग्रजीत या रूपात नाहीत, त्यामुळे 'बाळ'चे 'बाल' होते. उलट इंग्रजी बोलताना मूल 'ए' आणि 'द' ही उपपदे गाळते, कारण मराठीत अशी उपपदेच नाहीत. शाळेतल्या बाईंना मराठी येत नसल्याने त्यांना ही चूक गंभीर वाटू शकते.

आता शाळेविषयी. घरी केवळ मराठी ऐकलेले तीन-चार वर्षांचे मूल परक्या भाषेच्या शाळेत गेले की काही आठवडे, कधी काही महिने, तिथे गप्प राहते. ते ऐकत असते, खुणा करते, इतरांबरोबर खेळते. मग एकेक शब्द येऊ लागतो. या काळात घरची मराठी पूर्वीइतकीच चालू आहे ना, एवढे पाहावे. घरातही बोलणे आटले, किंवा सहा महिने झाले तरी शाळेत एक शब्दही नाही, तर मात्र थांबू नये. खेळण्यापुरते इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येते. पुस्तकी अभ्यासाचे इंग्रजी बरोबरीला यायला पाच ते सात वर्षेही लागतात. तेवढा धीर आईवडिलांनी आणि शाळेनेही धरावा.

पण धीराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून सुट्टीला आलेली चार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे सर्दीसाठी आणली होती. आई म्हणाली, "दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर होतोय. होईल हळूहळू." मी मराठीत म्हणालो, "बाहुली खुर्चीवर ठेव आणि चप्पल आण." मुलीने बाहुली उचलली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पाठीमागून हाक मारली तर वळली नाही. मराठी दोन-तीन शब्दांपुढे जात नव्हती, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे इंग्रजीही तेवढीच. म्हणजे दोन्ही भाषांत सारखीच अडचण. कानांत पाहिले तर दोन्ही पडदे निस्तेज. जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही पडद्यांमागे द्रव साठून ऐकू कमी येत होते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत हे बऱ्याचदा आढळते. कान दुखत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा हा द्रव आपोआप जिरतो, परंतु तीन महिन्यांनंतरही राहिला आणि ऐकू कमी येत असेल तर उपचार लागतात. या मुलीचा द्रव राहिला, तिकडे छोटी शस्त्रक्रिया झाली, आणि मग वाचातज्ज्ञांकडे शिकवणी सुरू झाली. दोन भाषांना दोष देण्यात तिचे दीड वर्ष वाया गेले होते.

तेव्हा पुढीलपैकी काहीही आढळले तर मूल कितीही भाषांत वाढत असो, वाट न पाहता तपासणी करावी :

१) वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, किंवा 'बाबा-दादा' असे बडबडत नाही.

२) दीड वर्षाचे झाले तरी बोटाने वस्तू दाखवत नाही, किंवा कोणत्याच भाषेत अर्थपूर्ण शब्द नाही.

३) दोन वर्षांनंतर दोन्ही भाषा मिळून ५० शब्द नाहीत, किंवा दोन शब्द जोडत नाही.

४) तीन वर्षांनंतर घरच्या भाषेतही साधी वाक्ये नाहीत, किंवा त्याचे बोलणे घराबाहेरच्या मराठी माणसाला बहुतांशी कळत नाही.

५) कोणत्याही वयात, येत असलेले शब्द बोलायचे थांबले.

शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. घरात मराठी बंद केल्यामुळे मराठी शब्द मागे पडणे वेगळे. पण दोन्हीकडचे शब्द गेले, नजर मिळवणे कमी झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

इथे आजीआजोबांना एक विनंती. 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचा बापही चार वर्षांचा होऊन बोलला' असे सांगून तपासणी लांबवू नका. घराण्यात कोणी उशिरा बोलले असेल तर उलट तपासणीची गरज वाढते. जीभ चिकटली म्हणून मूल बोलत नाही, हाही गैरसमज आहे. त्याने फार तर काही उच्चार बिघडतात, शब्द यायचे थांबत नाहीत.

तपासणीत प्रथम कान तपासतात. नंतर वाचातज्ज्ञ मुलाबरोबर खेळून त्याला काय समजते आणि ते काय बोलते हे पाहतात. केवळ इंग्रजीत घेतलेल्या परीक्षेच्या गुणांवर दोष ठरवणे चूक आहे. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक राज्यात 'अर्ली इंटरव्हेन्शन' ही सरकारी योजना आहे. आईवडील स्वतः फोन करून तपासणी मागू शकतात, तिला पैसे पडत नाहीत. तीन वर्षांनंतर राहत्या भागाच्या सरकारी शाळा-विभागाकडे लेखी अर्ज करावा. शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेतही व्हावी, असे तिथला कायदा सांगतो. म्हणून दुभाषा मागण्यात संकोच करू नये. शब्दांची वही आणि मूल मराठीत बोलताना केलेले ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे.

समजा, तपासणीत दोष निघालाच, तर मराठी सोडावी का? नाही. वाचादोष असलेली, स्वमग्न असलेली मुलेही दोन भाषा शिकू शकतात, आणि एक काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही. ज्या भाषेत आईला गोष्ट सांगता येते, रागावता येते, लाड करता येतात, तिच्यातूनच मुलाला भरपूर आणि नीट बोलणे ऐकायला मिळते. अडखळत बोललेल्या इंग्रजीने ती भर निघत नाही. मोबाईल पुढ्यात ठेवून लावलेल्या गाण्यांनीही निघत नाही, कारण मोबाईल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

दिवाळीनंतर काकू पुन्हा रक्तदाब तपासायला आल्या. नातवाचे कान चांगले निघाले होते, आणि दुसऱ्या मोजणीत शब्द इतके झाले की सुनेने वही अर्ध्यावर सोडली. "काल म्हणाला, 'आजी, बिग ट्रक आला, तू बघ,'" काकू सांगत होत्या. "बिग म्हणाला, मोठा नाही म्हणाला. चालेल ना डॉक्टर?"

चालेल, म्हणालो. दाबही त्या दिवशी बराच उतरला होता.