‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की अडकायला होतं

प्रश्न : मी पारनेर तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. सुपा एमआयडीसीत मुलाखत आहे. पाठ केलेली ओळख मध्येच विसरतो. काय करू?

उत्तर : वाक्यं पाठ केलीत, म्हणून एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. कागदावर फक्त तीन मुद्दे लिहा: शिक्षण, हातानं केलेलं एक काम आणि इथे का आलात. ओळख तीस सेकंदांत आटपा; तेवढ्यात सावकाश बोलून साठ-पासष्ट शब्दच बसतात, त्यामुळे गाव, छंद, दहावीचे टक्के गाळा. ते अर्जात आहेच.

खरा भर मधल्या मुद्द्यावर हवा. ‘मी मेहनती आहे’ हे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा असं सांगा: ‘‘वर्कशॉपमध्ये लेथवर शाफ्ट काढायचो. आधी माप हुकायचं. मग शेवटच्या कटाआधी मायक्रोमीटर लावायची सवय लागली. आता सीएनसी शिकायचंय, म्हणून इथे आलो.’’ समोरचा सुपरवायझर पुढचा प्रश्न मायक्रोमीटरवरच विचारेल, आणि तो तुम्हाला येतो!

मोबाइलवर तीनदा रेकॉर्ड करा. तिन्ही वेळा शब्द हुबेहूब तेच आले, तर पुन्हा पाठांतर झालंय. हीच ओळख उद्योजकांच्या मेळाव्यात करून द्यायची असेल, तर मात्र तिसऱ्या मुद्द्याऐवजी ‘‘तुमच्याकडे कोणतं काम चालतं?’’ असं विचारा.