वर्गातली मारामारी कागदावर कशी उतरवायची?

प्रश्न : मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. मागच्या आठवड्यात वर्गात दोन मुलांची मारामारी झाली, एकाला लागलं. मी त्याच दिवशी अहवाल लिहून दिला. मुख्याध्यापकांनी तो परत केला आणि म्हणाले, “बाई, यात घटना कमी आणि निकाल जास्त आहे. पुन्हा लिहा.” मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. मग चुकलं कुठे? आणि शिक्षकाने स्वतःचं मत लिहायचंच नाही का? अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. (मुलांची नावे बदलली आहेत.)

उत्तर : तुम्ही खोटं लिहिलेलं नाही, हे मान्य. पण तुमचं पत्र आणि तुमचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा मुख्याध्यापकांची अडचण लगेच समजली. एकाच घटनेबद्दल दोन्ही कागद निरनिराळं सांगतात, आणि गंमत म्हणजे खरा अहवाल पत्रातच आहे.

आधी अहवाल पाहू. त्यात तुम्ही लिहिलंय : “नेहमीच उद्धट वागणाऱ्या ओंकारने काहीही कारण नसताना सार्थकवर कर्कटकाने वार केला व त्याला बेदम मारहाण केली. सार्थक हा शांत व हुशार विद्यार्थी आहे. ओंकारला केल्या कृत्याचा जराही पश्चात्ताप नव्हता.”

पत्रात मात्र तुम्ही सगळं बैजवार सांगितलंय. मधल्या सुट्टीनंतरचा भूगोलाचा तास होता. तुम्ही फळ्यावर नकाशा काढत होतात. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला, “ए सोड!” असं कुणीतरी ओरडलं, आणि तुम्ही वळलात. तेव्हा ओंकारने सार्थकची कॉलर धरली होती आणि तो त्याच्या खांद्यावर फटके मारत होता. सार्थकच्या भुवईवरून त्या वेळी आधीच रक्त येत होतं. कर्कटक बाकाखाली पडलेलं तुम्हाला नंतर दिसलं.

आता सांगा, कर्कटकाने वार होताना तुम्ही पाहिला का? नाही. तुमची पाठ होती. रक्त दिसलं, खाली कर्कटक दिसलं, आणि मनाने दोन्हींची गाठ मारून टाकली. हे कुणाचंही होतं. मन अशा गाठी इतक्या झटपट मारतं की अनुमान केलंय हे आपल्याला कळतच नाही. आपण ‘पाहिलं’ असंच वाटत राहतं. म्हणून खोटं न बोलताही अहवाल चुकतो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. झटापटीत बाकाची कड लागणं वेगळं आणि टोकदार वस्तूने वार होणं वेगळं. कायदाही साधी दुखापत आणि टोचण्या-कापण्याच्या साधनाने केलेली दुखापत या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. तुमच्या एका वाक्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलाची बाजू कुठल्या कुठे जाऊ शकते. उद्या दुसऱ्या मुलाने “तो बाकावर आपटला” असं सांगितलं, तर तुमच्या अहवालातल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

बाकीचे शब्द याच कसोटीला लावा. प्रत्येकाला एकच विचारायचं : हे मला कसं कळलं? ‘काहीही कारण नसताना’ : कारण असलं तरी ते तुमच्या पाठीमागे घडलं. तुम्हाला माहीत नाही एवढंच खरं. ‘बेदम’ : किती फटके, कुठे? ‘जराही पश्चात्ताप नव्हता’ : पत्रात तुम्ही म्हणता की ओंकार मान खाली घालून उभा होता आणि विचारल्यावर बोलला नाही. एवढंच दिसलं होतं. असं उभं राहणारं मूल निगरगट्ट असू शकतं, घाबरलेलं असू शकतं किंवा संतापाने गप्प झालेलं असू शकतं. सार्थक हुशार आहे, हे तर इथे अगदीच गैरलागू. हुशार मुलांनाही भांडता येतं.

पुष्कळांचा समज असतो की निरीक्षण लिहायचं म्हणजे भावनांचा उल्लेखच टाळायचा. तसं नाही. भावनेची जी खूण डोळ्यांना दिसली किंवा कानांनी ऐकली, ती जरूर लिहा. ‘सार्थक रडत होता, त्याचे हात थरथरत होते’ हे निरीक्षण आहे. ‘त्याला मोठा मानसिक धक्का बसला’ हे अनुमान आहे.

दुसरा समज जास्त खोडकर आहे : सरकारी थाटाची वाक्यं लिहिली की अहवाल आपोआप निःपक्षपाती होतो! तुमच्याही अहवालाच्या शेवटी ‘दोघांना वेगळे करण्यात आले व योग्य ती कार्यवाही करण्यात आली’ असं आहे. कुणी केलं? कसं केलं? शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. त्यामुळे मुलाला तुमचा हात लागला असेल, तर तो कसा लागला हे तुम्हीच आधी लिहून ठेवणं शहाणपणाचं. चार दिवसांनी पालक “बाईंनी हात पिरगाळला” म्हणत आले, तर ‘करण्यात आले’ या शब्दांत तुम्हाला लपायलाही जागा नाही आणि सांगायलाही काही नाही.

आता तुमच्याच पत्रातला मजकूर घेऊन अहवाल असा होईल :

“मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, तास सुरू होऊन साधारण दहा मिनिटे झाली असताना, मी फळ्यावर नकाशा काढत होते व माझी पाठ वर्गाकडे होती. बाक सरकल्याचा व ‘ए सोड!’ असे ओरडल्याचा आवाज आला. कोण ओरडले ते मला कळले नाही. मी वळले तेव्हा ओंकारने डाव्या हाताने सार्थकची कॉलर धरली होती. त्याने उजव्या हाताने सार्थकच्या खांद्यावर दोन फटके मारलेले मी पाहिले. सार्थकच्या डाव्या भुवईच्या वर सुमारे एक सेंटिमीटर कापलेले होते व त्यातून रक्त येत होते. ही जखम होताना मी पाहिली नाही. मी ओंकारचे मनगट धरून त्याला दोन पावले मागे नेले. सार्थकच्या बाकाखाली एक कर्कटक पडले होते. ते कोणाचे आहे, हे मला माहीत नाही. मी शिपायांना बोलावून सार्थकला प्रथमोपचारासाठी कार्यालयात पाठवले. ओंकारला काय झाले असे विचारले. तो मान खाली घालून उभा राहिला, बोलला नाही.”

यात ‘मी पाहिली नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ ही वाक्यं लिहायला जड जातात, कारण त्यांतून आपला निष्काळजीपणा दिसेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात उलट होतं. न पाहिलेलं न पाहिलेलं म्हणून लिहिणाऱ्याचं पाहिलेलं खरं मानलं जातं. वेळेचंही तेच. घड्याळ पाहिलं नसेल तर ‘12 वाजून 43 मिनिटांनी’ असली ऐट नको. ‘साधारण दहा मिनिटे’ पुरे.

यानंतर मुलांनी सांगितलेलं येतं, ते वेगळ्या परिच्छेदात. मुलांना एकेकटं विचारा, घोळक्यात नको. घोळक्यात पहिला जे बोलतो तेच पाचवाही बोलतो. आणि प्रश्न मोकळा ठेवा : “काय झालं, पहिल्यापासून सांग.” “ओंकारने कर्कटक कसं मारलं?” असं विचारलंत, तर उत्तर तुम्हीच मुलाच्या तोंडी घातलंत. अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये याचा छान पडताळा घेतला. त्यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना ‘धडकून चुराडा झाला तेव्हा’ असं. आठवड्याने सगळ्यांना विचारलं की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी सौम्य शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी आणि ‘चुराडा’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी ‘हो, दिसली’ असं सांगितलं. ही मोठी माणसं होती. सातवीतल्या मुलांचं काय सांगावं!

मूल काही सांगेल त्यावर आणखी एक प्रश्न हवाच : “हे तू स्वतः पाहिलंस का?” तुमच्या पत्रात एक मुलगा म्हणतो, “कर्कटकाने मारलं,” आणि लगेच, “सगळे म्हणतायत.” दुसरा म्हणतो, “सार्थक मागे जाताना बाकाच्या कडेवर आपटला, मी बघितलं.” दोन्ही लिहा, प्रत्येकाच्या नावाने, त्याच्याच शब्दांत, आणि पहिल्याने ऐकलेलं सांगितलं हेही लिहा. कुणाचं खरं ते अहवालात ठरवायचं नाही. शिवी दिली असं कुणी सांगितलं, तर ‘अपशब्द वापरले’ असं मोघम लिहू नका. नेमका शब्द अवतरणात लिहा, कितीही संकोच वाटला तरी. तो जातिवाचक असेल तर प्रकरणाचं स्वरूपच बदलतं, आणि तसा नसेल तर तसा होता अशी अफवा उठायला जागा राहत नाही.

आता मताबद्दल. मत लिहायला बंदी नाही. तुम्ही या मुलांना रोज पाहता, तुमचं मत मुख्याध्यापकांना हवंच असतं. पण त्याला वेगळं घर द्या. अहवाल संपला, खाली सही-तारीख झाली, की ‘वर्गशिक्षकाचे मत’ असा मथळा घालून लिहा आणि मताखाली आधार द्या. ‘दोघांना काही दिवस लांबच्या बाकांवर बसवावे असे मला वाटते; कारण जूनपासून ते एकाच बाकावर आहेत व जागेवरून वाद झाल्याची तक्रार दोघांनीही माझ्याकडे केली होती’ हे कामाचं मत झालं. ‘दोघांचीही सारखीच चूक आहे’ हे मात्र मत असूनही समतोल नाही. तो वाद मिटवण्याचा घाईतला उपाय आहे.

अहवाल शाळा सुटण्यापूर्वी लिहावा, शिक्षक-खोलीत चर्चा होण्यापूर्वी तर नक्कीच. चर्चेनंतर दुसऱ्यांचं ऐकलेलं आपल्या आठवणीत बेमालूम मिसळतं. चूक झाली तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारून शेजारी सही करा. नंतर काही नवीन कळलं तर जुना कागद बदलू नका, नव्या तारखेची पुरवणी जोडा. आणि अहवालाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या पत्रातला आणखी एक प्रश्न राहिला : ओंकार यापूर्वीही भांडला आहे, ते लिहायचं की नाही? वर्गाच्या नोंदवहीत त्याची तारखेसह नोंद असेल, तर मताच्या भागात तारीख देऊन लिहा. नोंद नसेल, तर ‘नेहमीच’ हा शब्द खोडून टाका.