चुकण्याची तालीम

जून उजाडला की नववी-दहावीच्या मुलांच्या घरात एकच पेच असतो. क्लासला सोडायचं कोणी आणि आणायचं कोणी? क्लास साडेपाचला, आईबाबांची ऑफिसं सुटतात सात वाजता. मग रिक्षा लावली जाते, नाहीतर आजोबांना पळापळ करावी लागते. घराजवळून थेट बस असेल, तर चौदा वर्षांच्या मुलाला ती बस शिकवावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र एक-दोनदा बरोबर नेऊन आणलं म्हणजे बस शिकवून झाली असं होत नाही. आपण बरोबर असलो की मूल खिडकीबाहेर बघतं आणि रस्ता आपण लक्षात ठेवतो.

माझी भाची पुण्यात औंधला राहते. तिचा क्लास जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिराच्या जवळ. बहिणीने तिला तयार केलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून तेच उदाहरण घेते.

सुरुवात बसच्या पाटीपासून झाली. भाची इंग्रजी माध्यमाची. आपल्या बसच्या पाट्यांवर मार्गाचा आकडा पुष्कळदा देवनागरीत असतो. घाईत या मुलांना आपला एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला चार इंग्रजी आठसारखा. बस समोर येऊन थांबते ती काही क्षणच, त्यात ही गफलत सहज होते. त्यामुळे बहिणीने तिला नुसता आकडा पाठ करायला दिला नाही. आकडा वाचायचा, शेवटचा थांबा वाचायचा आणि चढता चढता कंडक्टरला विचारायचं, “बालगंधर्वला जाईल ना?” या तिसऱ्या गोष्टीचाच तिला सगळ्यात संकोच होता. अनोळखी माणसाशी मोठ्याने बोलायची या मुलांना सवयच नसते. म्हणून आधी आठवडाभर दुकानात, पोस्टात, रिक्षावाल्याशी तिनेच बोलायचं असं ठरलं.

मग खुणा. औंधहून निघालं की विद्यापीठ चौक, कृषी महाविद्यालय, संचेतीचा चौक आणि मग जंगली महाराज रस्ता. त्या रस्त्यावर पाताळेश्वर दिसलं की जागेवरून उठायचं आणि दाराकडे सरकायचं. संध्याकाळच्या गर्दीत दारापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. थांबा आल्यावर उठणारं मूल हमखास पुढच्या थांब्यावर उतरतं. घाबरलेलं असेल तर सिग्नलला बस हळू झाली की उडी मारतं, आणि ते जास्त वाईट. बस पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही, मग थांबा चुकला तरी चालेल, हे मुलाला अगदी याच शब्दांत सांगा.

परतीचा रस्ता हा वेगळा धडा आहे, आणि तोच पालकांकडून राहून जातो. मुलांना वाटतं, जिथे उतरलो त्याच्या समोरच्या बाजूला उभं राहिलं की घरची बस मिळेल. इथे तसं होत नाही. जंगली महाराज रस्ता एकेरी आहे, वाहनं संचेतीकडून डेक्कनकडे येतात. उलट दिशेची वाहतूक फर्ग्युसन रस्त्याने जाते. म्हणजे परतीची बस पकडायला घोले रस्त्यासारख्या आडव्या रस्त्याने चालत फर्ग्युसन रस्त्यावर जायला हवं. दिवसा हे सोपं वाटतं. क्लास साडेसातला सुटतो तेव्हा अंधार असतो, फर्ग्युसन रस्त्यावर खरेदीची झुंबड असते आणि दुपारी पाहिलेल्या खुणा ओळखू येत नाहीत. म्हणून सराव क्लासच्याच वेळी, कामाच्या दिवशी आणि जायचा-यायचा दोन्ही करायचा. रविवारी सकाळी रिकाम्या बसमधून केलेल्या सरावाचा फारसा उपयोग नाही.

बहिणीने सराव टप्प्याटप्प्याने केला. आधी शेजारी बसून, पण तोंड मिटून. तिकीट मुलीने काढायचं, थांबा मुलीने ओळखायचा. नंतर त्याच बसमध्ये, पण दूरच्या सीटवर बसून. त्यानंतर मुलगी एकटी बसमध्ये आणि आई उतरायच्या थांब्यावर उभी. तोंड मिटून बसणं आईला फार जड गेलं. पण आपण “चल, उठ आता” म्हटलं की मुलाची पाहणी तिथेच थांबते.

यानंतर तिने जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ती मुलीला मुद्दाम चुकीच्या बसमध्ये घेऊन चढली. औंधहून मनपाला जाणाऱ्या बस भरपूर असतात आणि गर्दीत मूल चढेल ते त्यातल्याच एखाद्या बसमध्ये. मनपा आली, सगळे उतरले. आई म्हणाली, “समज, मी इथे नाहीये आणि तुझा फोन बंद पडलाय. काय करशील?” मुलगी आधी भांबावली आणि तरातरा चालायला लागली. हरवलेलं मूल नेमकं हेच करतं. उभं राहिलं तर आपण घाबरलोय हे लोकांना दिसेल असं त्याला वाटतं, आणि चालत चालत ते आणखी लांब जातं.

म्हणून पहिला नियम असा, की चुकलोय हे कळलं की उजेडात, माणसांत उभं राहायचं. मग विचारायचं कोणाला, तर बसच्या गणवेशातल्या माणसाला, औषधाच्या दुकानात किंवा लेकरांसोबत असलेल्या बाईला. आपण माणूस निवडून विचारावं. आपणहून जवळ येऊन “चल, सोडतो” म्हणणाऱ्याबरोबर जायचं नाही, मग तो कितीही सभ्य दिसो. फोन करायचा झाला, तर “मी हरवले” एवढ्याने घरच्यांना काही कळत नाही. जवळच्या दुकानाची पाटी वाचून दाखवायची, तिच्यावर बहुतेक वेळा पत्ताही असतो. कुठल्या बसमधून उतरले तेही सांगायचं. मनपापासून बालगंधर्व चालण्याच्या अंतरावर आहे, हे भाचीला त्या दिवशी विचारपूस करूनच कळलं आणि ती आईला घेऊन तिथे पोहोचली.

आईबाबांचा एकेक नंबर तोंडपाठ हवाच, कारण फोन बंद पडला की त्यातले नंबरही गेले. दप्तराच्या आतल्या कप्प्यात शंभर रुपये, सुट्ट्या नोटांचे, वेगळे असू द्या. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०९८ ही मुलांसाठीची चाइल्डलाइन, दोन्हींना पैसे पडत नाहीत. बसमध्ये कोणी अंगचटीला आलं तर गप्प राहून सोसायचं नाही. जागा सोडायची आणि कंडक्टरला मोठ्याने सांगायचं. हे मुलग्यांनाही सांगा, त्यांना कोणी सांगतच नाही.

आणखी एक. ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावरून जातात, आणि विसर्जनाच्या दिवशी मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात. त्या दिवशी ठरलेल्या थांब्यावर बस येत नाही आणि मूल तासभर वाट बघत राहतं. अशा दिवशी न्यायला तुम्हीच जा.

मूल एकटं जायला लागलं की दोनच फोन ठरवा. एक पोहोचल्यावर, एक परतीच्या बसमध्ये बसल्यावर. मधे फोन करत राहिलात तर खुणा बघायच्या वेळी त्याचं लक्ष फोनमध्ये असेल. आणि ते चुकून उशिरा घरी आलं, तर त्या रात्री ओरडू नका. ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी चुकल्यावर तुम्हाला फोन करणार नाही.