टक्केवारीपासून तासाच्या लघवीपर्यंत

जळीत कक्षात डॉक्टर रुग्ण तपासून केसपेपरवर भाजल्याची टक्केवारी लिहितात. त्या आकड्यावरून सलाईनचा हिशेब मांडायचा आणि पुढचे चोवीस तास तो पाळायचा, हे काम आम्हा सिस्टरांकडे येतं. या कामात मी इतकी वर्षं काढली. हिशेबाचा गुणाकार चुकताना मी क्वचितच पाहिला. चुकतात ते गुणाकाराच्या आधी आणि नंतर लिहिलेले आकडे. म्हणून एकच रात्र तपशिलात सांगते.

स्टोव्हच्या भडक्यात साडीने पेट घेतलेली एक बाई तालुक्याच्या दवाखान्यातून आमच्याकडे आली. सोबतच्या चिठ्ठीवर ४५ टक्के लिहिलेलं होतं. आमच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पाहिलं. छाती आणि पोट मिळून पुढचा भाग १८, उजवा हात पूर्ण ९. डाव्या हातावर जखमेचे तुकडे होते. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट साधारण एक टक्का धरतात, त्या मापाने ते ३ भरले. एकूण ३०. चिठ्ठीत चेहरा-मान आणि अख्खा डावा हात नऊ-नऊ टक्के धरला होता. पण चेहऱ्यावर आणि मानेवर फक्त लाली होती, फोड नव्हते, कातडी सुटलेली नव्हती. नुसती लाल झालेली कातडी या हिशेबात धरत नाहीत. या फरकाचं वजन बघा. किलोमागे आणि टक्क्यामागे ४ मिली आरएल, हे सूत्र डलासच्या पार्कलँड रुग्णालयातल्या डॉ. चार्ल्स बॅक्स्टर यांच्या कामातून आलं आणि त्या रुग्णालयाच्या नावानेच चालतं. बाईंचं वजन ५० किलो. ४५ टक्क्यांनी ९००० मिली येतात, ३० टक्क्यांनी ६०००. अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्यांचा फरक! म्हणून चिठ्ठीवरची टक्केवारी थेट चार्टवर उतरवू नये. आपल्या डॉक्टरांनी कोणता भाग किती धरला, ते शरीराच्या चित्रावर रंगवून घ्यावं.

यानंतरचा आकडा वेळेचा, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. एकूण पाण्याचा अर्धा भाग पहिल्या आठ तासांत जायचा असतो. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, वॉर्डात आल्यापासून नव्हे. त्या रात्री बाई दहाला आल्या आणि चार्टवर आधीच ‘१० ते ६’ लिहून झालं होतं. मी बाईंच्या सासूबाईंना विचारलं, “मावशी, भाजलं केव्हा?” “संध्याकाळी,” त्या म्हणाल्या. एवढ्यावर हिशेब होत नाही. घाबरलेल्या माणसाला घड्याळ आठवत नाही, पण त्या वेळी काय चाललं होतं ते आठवतं. “टीव्हीवर सातच्या बातम्या नुकत्या लागल्या होत्या,” त्यांनी सांगितलं. म्हणजे आठ तास पहाटे तीनला संपणार. अर्ध्या वाट्याच्या ३००० मिलीतले ५०० तालुक्याला जाऊन झालेले, उरले २५००, आणि हातात तास पाच. म्हणजे तासाला ५०० मिली. चार्टवरच्या हिशेबाने तासाला ३७५ गेले असते. शरीरातलं पाणी केशवाहिन्यांतून सर्वांत जास्त झिरपतं ते याच सुरुवातीच्या तासांत, आणि त्याच वेळी बाई मागे पडल्या असत्या. राहिलेलं पाणी किती वेगाने भरून काढायचं, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. वय झालेल्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ते इतक्या घाईने देत नाहीत.

मिलीवरून थेंबांवर येताना सेटचं पाकीट वाचावं. आमच्याकडच्या सेटला २० थेंबांचा एक मिली होतो, तेव्हा तासाचे मिली भागिले तीन म्हणजे मिनिटाचे थेंब. ५०० मिलीला ते १६७ होतात, आणि इतके थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत. आम्ही दोन शिरांत दोन लाइन घेतल्या, प्रत्येकी मिनिटाला ८३ थेंब. बाटलीला उभी चिकटपट्टी लावून तिच्यावर तासांच्या खुणा केल्या, म्हणजे लांबूनही मागे पडलेलं कळतं.

इथपर्यंतचा सगळा हिशेब हा फक्त अंदाज. काही ठिकाणी प्रौढांना आता ४ ऐवजी २ मिलीपासून सुरुवात करतात. सुरुवात कशानेही करा, पुढची वाट लघवी दाखवते. प्रौढाला तासाला किलोमागे अर्धा मिली लागतो, म्हणजे बाईंना २५. वॉर्डात आम्ही ३० ते ५० च्या दरम्यान ठेवायला बघतो. लहान मुलांना किलोमागे एक मिली लागतो. विजेचा धक्का बसून लघवी लालसर-तपकिरी येत असेल, तर मोठ्यांना तासाला ७५ ते १०० हवी.

कॅथेटर घातल्या घातल्या १८० मिली गडद लघवी आली. ती वेगळी नोंदवली. ती मूत्राशयात आधीच साचलेली होती, तासाच्या रकान्यात गेली असती तर सगळं छान चाललंय असं वाटलं असतं. दुसरी अडचण युरोबॅगची. साध्या पिशवीवर शंभरा-शंभराच्या खुणा असतात, त्यावर १२ आणि ३० मधला फरक दिसत नाही. तासाच्या मापाची पिशवी नसेल तर दर तासाला मोजपात्रात काढूनच मोजावं.

अकराला १२ मिली. आधी नळी बघितली: पिळलेली नव्हती, मांडीखाली दबलेली नव्हती, पिशवी खाटेखाली होती. बाराला १६. मग डॉक्टरांनी वेग ६०० केला. एकला २७, दोनला ३८, तीनला ४४. कागदावर तीननंतर तासाला १८८ येत होते, पण डॉक्टरांनी वेग एकदम खाली आणला नाही. चारला ६५ आल्यावर पाचवा भाग कमी केला, पाचला ७० आल्यावर आणखी. लघवी भरपूर म्हणून समाधान मानू नये. जास्तीचं पाणी फुप्फुसात आणि पोटात उतरतं. धाप लागते, पोट ताठ होतं, आणि पोटातला दाब वाढला की पाणी चालू असतानाही लघवी उलट घटते. अशा वेळी वेग वाढवण्याआधी पोटाला हात लावून बघावा आणि डॉक्टरांना बोलवावं. कमी लघवीवर लघवी वाढवण्याचं इंजेक्शन हा उपाय नव्हे. ते दिल्यावर लघवीच्या आकड्यावरून पाण्याचा अंदाज करता येत नाही.

दुसऱ्या एका रुग्णाच्या चार्टवर मला ओळीने ४०, ४०, ४०, ४० दिसले. लघवी अशी समान कधीच येत नाही. पिशवी चार तासांनी एकदाच रिकामी केली होती, १६० मिली, आणि चार रकान्यांत वाटून टाकली होती. पुढच्या तासाला मी मोजली तेव्हा फक्त ८ मिली. आधीच्या चार तासांत ती कधी घसरायला लागली, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. मोजायचं राहिलंच, तर रकाना मोकळा सोडून ‘चार तासांचे मिळून १६०’ असं लिहावं. मोकळा रकाना दिसला की डॉक्टर प्रश्न विचारतात, भरलेला दिसला की पुढे जातात.

ड्युटी बदलताना मी हे तोंडी सांगते आणि समोरचीकडून परत म्हणवून घेते: सातला भाजल्या, वजन ५०, तीस टक्के, आतापर्यंत पाणी इतकं गेलं, आत्ताचा वेग इतका, शेवटच्या तीन तासांची लघवी अमुक, अमुक, अमुक. मग दोघी मिळून पिशवी रिकामी करतो, म्हणजे येणारीचा पहिला आकडा तिच्याच तासाचा असतो.