‘तो परत येईल का?’ : रात्री नऊचं मिथुन लग्न

ताथवड्यात प्रश्न घेऊन येणाऱ्यांकडे जन्मवेळ क्वचितच असते. कॉलेजची मुलं, हिंजवडीत नोकरी करून इथं फ्लॅट शेअर करणारी मंडळी. पत्रिका गावाकडे आईच्या कपाटात, आणि प्रश्न मात्र आत्ताचा. अशा वेळी प्रश्नकुंडली मांडतात. प्रश्न विचारला त्या क्षणाचं आकाश धरायचं आणि त्यातून उत्तर शोधायचं. पुढे दिली आहे ती ताजिक पद्धत. नीलकंठाच्या ‘ताजिक नीलकंठी’मुळे ती आपल्याकडे रूढ झाली.

पहिलं काम वेळ धरण्याचं. मुलानं शेवटचा मेसेज कधी टाकला ती वेळ इथं कामाची नाही. ज्योतिष्याला प्रश्न नीट कळला, त्या मिनिटाला घड्याळ पाहून वेळ वहीत लिहायची. प्रश्न व्हॉट्सॲपवर आला तर मी तो वाचल्याची वेळ घेतो. काही जण मेसेज आल्याची घेतात. कुठलीही घ्या, पण ते आधी ठरवा. कुंडली बघून वेळ निवडली की खेळ संपला.

स्थळ ताथवडे : अक्षांश १८°३७' उत्तर, रेखांश ७३°४५' पूर्व. सॉफ्टवेअरमध्ये सवयीनं ‘मुंबई’ राहून गेलं तर लग्न साधारण एका अंशानं चुकतं. एरवी त्यानं फारसं बिघडत नाही. लग्न राशीच्या टोकाला असलं तर मात्र राशीच बदलते, आणि तिच्याबरोबर सगळे भावेशही. अयनांश चित्रापक्ष ठेवा.

आता प्रश्न कोणाचा, ते बघा. मुलीनं स्वतः विचारलं तर लग्न तिचं आणि सप्तम त्याचं. आईनं मुलीबद्दल विचारलं तर पंचम म्हणजे मुलगी, आणि पंचमापासून सातवं, म्हणजे लाभस्थान, म्हणजे जावई. नवशिके इथंच घसरतात. आईच्या प्रश्नाला सप्तम बघत बसतात आणि नकळत मुलीच्या बापाचं भविष्य सांगतात.

उदाहरणासाठी एक वेळ घेऊ. सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, रात्रीचे नऊ. समजा, एका मुलीनं विचारलं, ‘दोन महिन्यांपूर्वी बोलणं तोडून गेला, परत येईल का?’

लग्न मिथुन, सुमारे १६ अंश. राशीच्या मधोमध आहे, म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांच्या चुकीची भीती नाही. लग्नेश बुध ही मुलगी. तो षष्ठात, वृश्चिकेत साडेसात अंशांवर, वक्री आणि अस्तंगत. सप्तमेश गुरू म्हणजे तो मुलगा. गुरू द्वितीयात, कर्केत, जेमतेम एका अंशावर, तोही वक्री. चंद्र पंचमात, तुळेत पावणेतीन अंशांवर.

आधी चंद्राकडे बघावं, कारण नुकतंच काय घडलं ते तो सांगतो. इथं चंद्र गुरूच्या केंद्रयोगातून दोन अंश पुढे सरकला आहे. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो, म्हणजे हा योग संध्याकाळी पाचच्या आसपास पूर्ण होऊन सुटला. ताजिकात याला ईसराफ म्हणतात. केंद्रयोग तिथं वैराचा धरतात. तेव्हा उत्तर देण्याआधी तिला विचारायचं, ‘आज दुपारनंतर त्याच्याशी काही बोलणं होऊन बिनसलं का?’ हो म्हणाली तर कुंडली प्रश्नाशी जुळते आहे असं मानून पुढे जायचं. नाही म्हणाली तर मी उत्तर देत नाही. हा प्रश्न मोघम ठेवू नका. ‘अलीकडे काही वाद?’ असं विचारलं तर जगातलं कुणीही हो म्हणेल.

आता मुख्य गोष्ट, इत्थशाल. लग्नेश आणि सप्तमेश एकमेकांकडे दृष्टीनं येत असतील तर काम होतं, दूर जात असतील तर नाही. प्रत्येक ग्रहाला दीप्तांश असतात. बुधाचे ७, गुरूचे ९. बेरजेचा अर्धा भाग ८. दोघांमधलं अंतर साडेसहा अंश, म्हणजे ते एकमेकांच्या टप्प्यात आहेत. वृश्चिक आणि कर्क नवपंचमात, म्हणून दृष्टी स्नेहाची.

पण नियम असा की शीघ्र ग्रह कमी अंशांवर हवा आणि मंद ग्रह जास्त. इथं उलट आहे. शीघ्र बुध साडेसातवर, गुरू एकावर. पुस्तकी वाचणारा ‘ईसराफ, संपलं’ असं म्हणून वही मिटतो. बुध वक्री आहे हे तो विसरतो. बुध उलटा चालत गुरूच्या अंशाकडेच येतो आहे. २२-२३ नोव्हेंबरच्या सुमारास योग पूर्ण होतो, बुध तुळेत उतरण्याच्या जेमतेम आधी. त्यापूर्वी २० तारखेला तो सूर्याला गाठतो. म्हणजे संपर्क होईल, पण त्या आठवड्यात मुलीला स्वतःला काय हवंय तेच तिला दिसत नसेल. लग्नेश अस्तंगत आणि षष्ठात असण्याचा अर्थ मी एवढाच घेतो.

सप्तमेश वक्री असणं ही गेलेल्या माणसाच्या प्रश्नातली सगळ्यात बोलकी खूण. इथं तर गुरू उलटा चालत ५ डिसेंबरला कर्क सोडून मिथुनेत, म्हणजे थेट लग्नात येतो. सप्तमेश लग्नी आला की समोरचा न बोलावता येतो, असा संकेत आहे. ६ तारखेच्या आगेमागे बुध-गुरूचा नवपंचम पुन्हा एकदा होतो, पण दोघंही आपापल्या राशीच्या शेवटच्या अंशावर असताना. लगेच बुध वृश्चिकेत जातो आणि दोघांत षडाष्टक. ताजिकात षडाष्टकाला दृष्टीच नाही.

म्हणून उत्तर दोन तुकड्यांत द्यायचं. तो येईल का, तर हो. आधी २२-२३ नोव्हेंबरच्या सुमारास निरोप आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः. टिकेल का, तर ही कुंडली तसं म्हणत नाही. लग्न जमवण्याइतका आधार इथं नाही. तुळेतच १९ अंशांवर स्वगृहीचा शुक्र आहे आणि चंद्र त्याच्याकडे चालला आहे, हे दाखवून मन राखायचा मोह होतो. पण साडेनऊ अंशांच्या टप्प्याबाहेरचा योग मोजायचा नाही.

एक गोष्ट विचारणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात २००८ साली ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं पत्रिकेवरून ओळखायची होती. भाग घेतलेल्या २७ ज्योतिष्यांची उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तरी पन्नासच्या आसपास येतात. ती जन्मपत्रिकांची चाचणी होती, प्रश्नकुंडलीची नव्हे. पण प्रश्नकुंडली त्याहून खरी ठरल्याचा पुरावाही माझ्याकडे नाही. तेव्हा कुंडलीच्या भरवशावर आलेलं दुसरं स्थळ नाकारू नकोस, आणि जो मारहाण करून गेला असेल त्याच्याबद्दल हा प्रश्न मी घेतच नाही.

शेवटी वहीत तारीख, वेळ, लग्नाचे अंश आणि दिलेलं उत्तर शाईनं लिहायचं, आणि ७ डिसेंबरला पान उघडून काय झालं ते त्याखाली नोंदवायचं. मधल्या काळात तिनं रोज तोच प्रश्न पाठवला तरी नवी कुंडली मांडायची नाही.