घरातील पाण्याचा ताळेबंद

घरात पाणी किती खर्च होते, याचा हिशेब दोन बाजूंनी मांडावा लागतो: एक वापराच्या नोंदीवरून व दुसरा टाकीतील पातळीवरून.

चौघांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. लिटरच्या मापाने मोजता बादली 20 लिटरची भरली. फ्लशच्या टाकीत येणारे पाणी बंद करून ती एकदा रिकामी केली व मापाने पुन्हा भरली, तेव्हा 10 लिटर पाणी लागले. नंतर आठवडाभर प्रत्येक वापराची खूण कागदावर केली. रोजची सरासरी अशी आली: स्नान 160 लिटर, कपडे 100, भांडी व फरशी 80, स्वयंपाक व पिणे 30, फ्लश 160, एकूण 530 लिटर.

छतावरील टाकीचा तळ एक मीटर लांब व तितकाच रुंद होता. अशा टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली, की 10 लिटर पाणी गेले असे समजावे. त्याच आठवड्यात ती रोज सरासरी 60 सेंटिमीटर, म्हणजे 600 लिटर उतरली. मग उरलेले 70 लिटर गेले कोठे?

रात्री कोणीही पाणी वापरत नसताना आठ तासांत पातळी दोन सेंटिमीटर उतरली. म्हणजे 20 लिटर, चोवीस तासांचे 60. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकला. अर्ध्या तासात, फ्लश न करताही, तो भांड्यात उतरला. झडपेचे रबर झिजले होते. बाकीचे 10 लिटर ही मोजमापातील तूट मानावी.