पाऊस नाही, तरी टिन गळते

प्रश्न : अकोल्याजवळच्या शेतात कापूस ठेवायला टिनाचे शेड बांधले आहे. थंडीत पहाटे छतातून थेंब पडतात. स्क्रू बदलले, तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर : ही गळती नाही. स्क्रूची गळती पावसात, ठरावीक जागी होते. तुमचे थेंब निरभ्र रात्रीनंतर सगळ्या पत्र्याखाली दिसत असतील. ओल्या वेचणीचा कापूस हवेत बाष्प सोडतो. आतली हवा १८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर १४-१५ अंशांच्या पत्र्यावर दव धरते. उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो.

नव्या शेडसाठी खालून कारखान्यातच फेल्ट चिकटवलेला पत्रा घ्या. ते फेल्ट रात्रीचे पाणी धरून ठेवते आणि दिवसा वाळते. मात्र वारा खेळला नाही, तर ते भरते आणि पुन्हा ठिबकते. पत्र्याच्या खालच्या कडेचे फेल्ट सीलबंद करून घ्या, नाहीतर पावसाचे पाणी त्यातून वर चढते.

तुमच्या जुन्या शेडला आधी आढ्याजवळ आणि वळचणीला झरोके ठेवा आणि कापूस वाळवूनच आत घ्या. तेवढ्याने भागले नाही, तरच पत्रे काढून खाली अंडरले टाका.